भाषावापर आणि भाषाक्षमता: स्वमूल्यांकन प्रश्नावली (परदेशस्थ गोमंतकीय मराठी कुटुंबांसाठी)

डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा भागांतून दुबई, मस्कत, लिस्बन, स्विंडन इथे स्थायिक झालेल्या घरांसाठी ही प्रश्नावली आहे. दहा वर्षांवरील प्रत्येकाने स्वतंत्र भरावी. मुलांची उत्तरे आईबाबांनी सांगू नयेत. गप्प राहणाऱ्या मुलाला किती समजते, हे त्यालाच ठाऊक असते. वीस मिनिटे पुरतात.

आपल्याकडे बऱ्याच घरांत बोलणे कोकणीत आणि वाचन, आरत्या, भजने मराठीत अशी वाटणी असते. म्हणून दोन्ही भाषांचे आकडे वेगळे लिहा. कोकणी मराठीत मिसळून आकडा फुगवू नका, आणि पुण्यासारखी मराठी येत नाही म्हणून कमीही करू नका. गोव्याची मराठी इथे पूर्ण मराठीच मानली आहे.

भाग 1: वापर

1. मागचा कामाचा किंवा शाळेचा दिवस आठवा. मराठी, कोकणी, इंग्रजी आणि इतर भाषांत किती तास बोललात? 'नेहमी', 'कधीकधी' असे लिहू नका. एकाचे 'कधीकधी' म्हणजे रोज असते, दुसऱ्याचे महिन्यातून एकदा.

2. घरात तुम्ही प्रत्येकाशी कोणत्या भाषेत बोलता, आणि ती व्यक्ती तुमच्याशी कोणत्या? आई "जेवलास का?" विचारते आणि उत्तर "येस, ममा" येते, तर त्या दोन वेगळ्या नोंदी.

3. भावंडांशी भांडताना कोणती भाषा तोंडात येते?

4. आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर आठवड्याला तुम्ही स्वतः किती मिनिटे बोलता? नुसते "नमस्कार आजी" म्हणून फोन आईकडे दिलात, तर शून्य.

भाग 2: क्षमता

मराठीसाठी गुण द्या. 0: जमत नाही. 1: कोणी सोबत असले तर. 2: अडखळत, इंग्रजी शब्द घेऊन. 3: ओळखीच्या विषयावर सहज. 4: कोणत्याही विषयावर सहज.

5. दोन मोठी माणसे आपसात भराभर बोलत असताना समजणे.

6. चवथीला माटोळीला काय काय बांधले, ते न पाहिलेल्या माणसाला सांगणे.

7. "आपण जाऊ" आणि "आम्ही जाऊ" यांत ऐकणारा कुठे धरला आहे, हे ओळखणे. कोकणीतला 'आमी' दोन्हींना चालतो, त्यामुळे इथे पुष्कळ जण चुकतात.

8. पुढील ओळ आधी मोठ्याने वाचा, मग गुण द्या: "पावसामुळे गुरुवारी फेरीबोट बंद राहील, तरी पाहुण्यांनी पुलावरून यावे." आरती पाठ असणे हे वाचन धरू नका.

9. देवनागरीत चार ओळींचा निरोप लिहिणे. रोमन लिपीत लिहीत असाल तर तसे नोंदवा. त्याचा गुण वेगळा.

10. कोणत्या एका व्यक्तीशी बोलणे थांबले, तर तुमची मराठी सर्वांत जास्त कमी होईल? नाव नको, नाते लिहा.