राउटर बदल योजना: धरमपेठ ऑफिस, शनिवार १४ फेब्रुवारी २०२६

वेळ: संध्याकाळी ७ ते रात्री १०:३०. जीएसटीआर-१ ची ११ तारीख उलटलेली, ३बी ची २० अजून लांब, म्हणून हाच शनिवार. नेट ७:३० ते ९ बंद राहील. सीएच्या टीमला शुक्रवारीच कळवायचं. रविवार राखीव.

शुक्रवारपर्यंत

जुन्या राउटरची बॅकअप फाइल नव्या मॉडेलवर चढत नाही, म्हणून प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या: पीपीपीओई युजरनेम, वॅनचा मॅक, डीएचसीपी राखीव पत्ते, पोर्ट फॉरवर्ड. पासवर्ड ठिपक्यांतच दिसतो, तो आयएसपीकडून लेखी मागवा. शनिवारी रात्री हेल्पलाइन उचलेलच असं नाही. कनेक्शन मॅकला बांधलंय का, तेही विचारा.

नवा राउटर टेबलावरच सेट करा, लॅनला न जोडता. दोन डीएचसीपी एकत्र आले की अर्धे पीसी भलताच पत्ता धरतात.

```
LAN      192.168.1.1/24
DHCP     192.168.1.100-199
Tally    192.168.1.10
Printer  192.168.1.20
DVR      192.168.1.30
```

वाय-फायचं नाव-पासवर्ड जुनंच, सुरक्षा WPA2. WPA3 ठेवलं तर जुना प्रिंटर जोडला जाणार नाही.

शनिवार

७:३० ला जुन्या राउटरवर आधी पीपीपीओई डिस्कनेक्ट दाबा, मगच केबल काढा. नुसती केबल ओढली तर आयएसपीकडे जुनं सेशन अडकतं आणि पासवर्ड बरोबर असूनही नवा लॉगिन नाकारला जातो. ओएनटी ५ मिनिटं बंद ठेवा. नवा राउटर जोडा, ओएनटी सुरू करा. लॉगिन झालं नाही तर जुना वॅन मॅक क्लोन करा. त्यानंतर स्विच, प्रिंटर आणि हजेरी मशीन एकदा रीस्टार्ट.

माघार

९:३० पर्यंत नेट नाही, किंवा १० पर्यंत टॅली उघडत नाही, तर वाद न घालता परत जुन्यावर. नव्यावर डिस्कनेक्ट, वीज बंद, ओएनटी ५ मिनिटं बंद, जुना राउटर त्याच पोर्टांना (केबलींवर आधीच चिठ्ठ्या लावा), मग स्विच रीस्टार्ट. अंदाजे २० मिनिटं. जुन्या राउटरला सोमवार संध्याकाळपर्यंत रीसेट करायचं नाही. तो कपाटात, अॅडॉप्टरसकट.

तपासणी

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
nslookup gst.gov.in
ping -f -l 1464 8.8.8.8
```

दुसरी चालते पण तिसरी नाही, तर दोष डीएनएसचा. चौथीत फ्रॅगमेंट करावं लागेल असा संदेश आला तर एमटीयू १४९२ आहे का पाहा. एमटीयू चुकला की काही साइट अर्धवट उघडतात.

☐ दोन पीसींवरून टॅली, एक केबलवर, एक वाय-फायवर
☐ प्रिंटर: छपाई आणि स्कॅन
☐ हजेरी मशीनचा एक पंच सर्व्हरवर दिसतो
☐ डीव्हीआर मोबाइल डेटावरून. ऑफिसच्या वाय-फायवरून पाहिलं तर पोर्ट फॉरवर्डची परीक्षाच होत नाही
☐ राउटरचा वॅन पत्ता आणि आयएसपीने दिलेला स्टॅटिक पत्ता एकच
☐ अॅडमिन पासवर्ड बदलला, बाहेरून लॉगिन बंद
☐ यूपीएसवर ठेवून मेन बंद केला, राउटर आणि ओएनटी दोन्ही चालू राहिले

सोमवारी सकाळी १० ते ११ नेटवर्कवाला ऑफिसातच थांबेल. सगळे लॅपटॉप एकदम आत आल्यावरच पत्ते पुरतात की नाही ते कळतं.