मामा, तुमचा मेसेज फोडून लिहिलाय

मामा,

काल रात्री ग्रुपवर टाकलेला तुमचा हलशी सहलीचा मेसेज मी दोनदा वाचला. माहिती सगळी आहे, काही सुटलेलं नाही. तरी आज सकाळी अकरापर्यंत सहा जणांनी विचारलंय, "गाडी कितीला सुटती?" उत्तर मेसेजमध्येच आहे, पण ते मधोमध अडकलंय, ताम्रपट आणि जेवणाचा डबा यांच्यामध्ये.

तुम्ही अजून अंतर्देशीय पत्रासारखं लिहिता. त्यात जागेचे पैसे होते, म्हणून आजोबा कडेला आडवं फिरवूनसुद्धा "मुलांना आशीर्वाद" बसवायचे. इथे जागा फुकट आहे, टंचाई आहे ती डोळ्यांची. आईच्या फोनवर अक्षर मोठं करून ठेवलंय, एका ओळीत चार-पाच शब्द मावतात. तुमचा मेसेज तिच्या फोनवर उघडला तर सगळा पडदा अक्षरांनी भरला, आणि पुढचं वाचायला बोट लावायला लागलं. ते बोट कुणी लावत नाही, मामा.

कुठं अडकायला होतं ते दिसावं म्हणून तुमचा मूळ मजकूर इथे तसाच ठेवते:

> सर्व सभासद बंधू भगिनींना नमस्कार कळविण्यास आनंद होतो की आपल्या भजनी मंडळाची यंदाची सहल रविवार दिनांक 14 डिसेंबर रोजी हलशी नंदगड कित्तूर अशी ठरली असून हलशी म्हणजे कदंबांची दुसरी राजधानी प्राचीन नाव पलाशिका तेथील ताम्रपट प्रसिद्ध आहेत तरी सर्वांनी सकाळी साडेसहाला तयार राहावे गाडी गोगटे सर्कलवरून सुटेल तिसऱ्या गेटवर व पिरनवाडीस थांबेल प्रत्येकी 650 रुपये त्यात गाडी व चहा नाश्ता जेवणाचा डबा असेल तर बरे कित्तूर येथे 23 ऑक्टोबर 1824 रोजी थॅकरे मारला गेला हे सर्वांना ठाऊक आहेच नावे बुधवारपर्यंत द्यावीत नंतर पैसे पूर्ण मिळणार नाहीत गाडी सहाला निघेल उशीर करू नये नंदगडला रायण्णांची समाधी आहे वयस्कांनी काठी आणावी निपाणी चिकोडीकडच्या भगिनींनी आदल्या दिवशी यावे आधार विसरू नये...

पुढे अजून तेवढंच आहे.

फोडून लिहायला बसले तेव्हा एक गंमत सापडली. एका ठिकाणी तुम्ही "साडेसहाला तयार राहावे" म्हटलंय आणि दहा ओळी खाली "गाडी सहाला निघेल". सलग मजकुरात ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, तुमच्याही नाही. ड्रायव्हरला फोन केला, तो म्हणाला सहाच. तसंच "जेवणाचा डबा असेल तर बरे" याचा अर्थ कुणी 650 मध्ये जेवण आहे असा घेतलाय, कुणी डबा आणायचा असा. मामीला विचारलं, डबा घरूनच. ते वेगळ्या ओळीत लिहिलं.

मेसेज दोन केलेत. पहिला कामाचा, तो आज संध्याकाळी. दुसरा तुमच्या इतिहासाचा, तो शनिवारी रात्री, म्हणजे सकाळी गाडीत बसून सगळे त्यावर बोलतील. इतिहास काढून टाकला असं समजू नका. तो कामाच्या गर्दीत चेंगरत होता.

*पहिला मेसेज*

*भजनी मंडळ सहल: रविवार, 14 डिसेंबर*
हलशी, नंदगड, कित्तूर. 25 सीटची मिनी बस. 22 नावं आली आहेत, 3 जागा शिल्लक.

*गाडी सकाळी 6 ला सुटेल*
- 6:00 गोगटे सर्कल
- 6:10 तिसरं रेल्वे गेट
- 6:20 पिरनवाडी

आपल्या थांब्यावर 10 मिनिटं आधी या. गाडी थांबून राहणार नाही.

*पैसे: प्रत्येकी 650 रुपये*
- यात: गाडी, सकाळचं उप्पीट, दोन वेळचा चहा
- यात नाही: दुपारचं जेवण. *डबा घरून आणा.*
- रोख पैसे मामींकडे द्या

*नाव द्यायची शेवटची तारीख: बुधवार, 10 डिसेंबर*
- बुधवारपर्यंत नाव काढलं तर 650 परत
- नंतर काढलं तर 300 परत

*दिवस कसा जाईल*
- 7:00 खानापूर, चहा
- 8:00 हलशी, नाश्ता, देवदर्शन, तिथेच आपलं भजन
- 11:00 नंदगड
- 1:00 कित्तूर, जेवण, किल्ला
- संध्याकाळी 6 पर्यंत बेळगाव

*सोबत आणा*
- डबा, पाण्याची बाटली
- स्वेटर किंवा शाल (सहाला थंडी असते)
- रोजच्या गोळ्या
- गुडघे दुखत असतील तर काठी. किल्ल्यात चालावं लागेल.
- टाळ आपापले. पखवाज मंडळाचा येईल.

*निपाणी, चिकोडीहून येणाऱ्यांसाठी*
- शनिवारी रात्रीपर्यंत बेळगावात या, राहायची सोय आमच्याकडे
- बायकांनी आधार कार्ड सोबत ठेवा. पत्ता कर्नाटकातला असेल तर कर्नाटकच्या साध्या बसला शक्ती योजनेचं झीरो तिकीट मिळतं.
- पत्ता महाराष्ट्रातला असेल तर तिकीट काढावं लागेल
- महाराष्ट्राच्या एसटीत ही सवलत चालत नाही

*येणार असाल तर एवढंच लिहा:* नाव, थांबा. उदा. "सुशी, पिरनवाडी".

*दुसरा मेसेज (शनिवारी रात्री)*

*उद्या काय बघणार आहोत*

*हलशी*
जुनं नाव पलाशिका. बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी. त्यांचे ताम्रपट इथे सापडले.

आपण जातोय ते भूवराह नृसिंह मंदिर नंतरच्या गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. एक गोष्ट नीट बघा: दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ होते, तेव्हा भजनाला कुठं बसायचं ते आधी ठरवू.

*नंदगड*
संगोळ्ळी रायण्णा कित्तूरच्या सैन्यातले. 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांनी त्यांना इथे फाशी दिलं. समाधीजवळ वड आहे.

*कित्तूर*
- 23 ऑक्टोबर 1824: पहिली लढाई. इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला.
- त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी लढाई. राणी चन्नम्मा पकडल्या गेल्या.
- 2 फेब्रुवारी 1829: बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच राणींचं निधन

हे 26 जानेवारीचं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणणारे गाडीत चार तरी निघतील. मामांना विचारा.

तर मामा, असं झालंय. शेवटची ओळ तुमच्यासाठी घातली, नको असली तर काढते.

अजून दोन-तीन गोष्टी, तुम्ही विचारणार म्हणून. आकडे मी 6 असेच ठेवलेत, ६ असे नाही. शेजारच्या काकू कानडी आहेत, मराठी बोलतात झकास, पण देवनागरी वाचायला त्यांना वेळ लागतो, आणि वेळ-पैसे तरी पटकन दिसावेत. "बंधू भगिनींना नमस्कार" काढला नाही, तो तुम्ही व्हॉइस मेसेजमध्ये बोला. तुमच्या आवाजात तो छान वाटेल, आणि मोठ्या आत्याला नातवाकडून मेसेज वाचून घ्यायला लागतो, तिला ऐकायलाही मिळेल.

ठळक फार करू नका. पहिल्यांदा मी उत्साहाने प्रत्येक ओळ ठळक केली होती, आईने बघितलं आणि म्हणाली, "लग्नाच्या बॅनरवानी दिसतंय." मग फक्त वरचे मथळे आणि "डबा घरून आणा" एवढंच राहिलं. कारण ते विसरलं तर दुपारी कित्तूरला तुमच्याच नावाने ओरड होईल.

पुढच्या वेळी तुम्ही स्वतः टाकलात तरी जमेल. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी लावली की पाठवल्यावर ठळक होतं, चांदणी आणि शब्द यांच्यात जागा सोडायची नाही. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि मग जागा दिली की ठिपका येतो:

```
*गाडी सकाळी 6 ला सुटेल*
- गोगटे सर्कल
- पिरनवाडी
```

एका ठिपक्याला एकच गोष्ट. "चहा, नाश्ता आणि काठी" असं एकत्र केलं की परत पत्र झालं.

आणि मामा, रागावू नका, पण "हे सर्वांना ठाऊक आहेच" हे मी काढलंय. आमच्यातल्या निम्म्यांना थॅकरे माहीत नाही, मलाही नीट नव्हता.

वाचून हो म्हणा, मी सातला टाकते. मामी विचारत होत्या, परत येताना कुंदा घ्यायला थांबायचं का. ते मी लिहिलं नाहीये. लिहिलं की बावीसजणांचं बावीस मत येईल आणि सहाऐवजी आठ वाजतील. गाडी शहरात शिरली की तुम्हीच ड्रायव्हरला हळूच सांगा.