हुंडेकरी घराणे: कादंबरीतली नावे (काळ १७४० ते १८०३)

आडनाव. राजापूरला 'हुंडेकरी', पुण्यात 'राजापूरकर'. घराणे एकच. हुंडेकरी म्हणजे ठरलेल्या हुंड्यात, म्हणजे ठोक रकमेत, माल पोहोचवणारा, वाटेतली जकात आणि जोखीम त्याच्या अंगावर. यांचे बैल अणस्कुऱ्याच्या घाटाने मलकापूरकडे जातात. राजापुरात राहणाऱ्याला कोणी राजापूरकर म्हणणार नाही. ते आडनाव पुण्याला गेलेल्या शाखेलाच चिकटते. पुढे वाटणीच्या भांडणात दोन्ही बाजू म्हणतात, 'हे नाव आमचे नव्हे', आणि कथेचा अर्धा पीळ तिथेच आहे.

विठशेट बिन नारशेट, मूळपुरुष. कागदात 'बिन' हवे, 'चा मुलगा' असे लिहू नये. नावापुढचे 'शेट' बाजारात पत असल्याचे आहे. दिवाळे निघाल्यावर लोक त्याला नुसते 'विठू वाणी' म्हणतात. हा बदल एकाच प्रकरणात, कोणी न सांगता दिसावा.

नारशेट, थोरला मुलगा. आजा वारल्यावर जन्मला, म्हणून आजाचे नाव. घरात 'नारू'. दोन नारशेट वाचकाला गोंधळवतील, पण हा गोंधळ काढायचा नाही: जुन्या खतावरचा 'नारशेट' नेमका कोणता, यावरच दावा उभा राहतो.

गोविंदशेट, धाकटा. पुण्यात दुकान घालतो. पेठेतल्या शेटे-महाजनांच्या वतनावर डोळा आहे. वतन मिळाले असते तर आडनाव 'शेटे' झाले असते. मिळत नाही.

धोंडशेट, गोविंदशेटचा मुलगा. आधीची दोन मुले गेली, म्हणून दृष्ट लागू नये असे दगडधोंड्याचे नाव. श्रीमंत झाल्यावर त्याला ते डाचते, पण वहीवरची मोडी सही बदलत नाही.

बायका. विठशेटची बायको माहेरची भागू, सासरची सावित्री. विधवा होऊन पेढी चालवू लागली की दस्तात 'सावित्री कोम विठशेट' असे येते. तिला 'सावित्रीबाई' फक्त नोकर म्हणतात. भाऊ येतो तेव्हा तो अजून 'भागे' अशी हाक मारतो. नातसून म्हाळसा, खंडोबाच्या नवसाची, तिचे मात्र लग्नातही नाव बदलले नाही, सासूला ते बदलायचे धाडस झाले नाही.

बाहेरचे. नाणी पारखणारा सदाशिवपंत पोतदार: इथे 'पंत' विरुद्ध 'शेट' ऐकू यायला हवे. सोलापूरचा लिंगायत व्यापारी शिवाप्पा बिन बसाप्पा. त्याला 'शिवशेट' म्हणणारा माणूस परका, हे पहिल्याच वाक्यात कळावे.

'विक्रांत' आणि 'समीर' कच्च्या मसुद्यात होते, काढले.