पाठ टाचण: अदिन्नादाना वेरमणी

रविवारचा धम्मवर्ग. इयत्ता ४थी ते ६वी, २४ मुलं, वेळ ४५ मिनिटं. पंचशीलातलं फक्त दुसरं शील. पाचही शीलं एका तासात उरकायचा मोह टाळा. मुलं ती पाठ म्हणतात, पण अर्थापर्यंत एकही पोहोचत नाही.

उद्दिष्टं

तास संपताना मुलाला हे करता आलं पाहिजे:
१. शील शुद्ध म्हणणं आणि त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगणं.
२. एखाद्या प्रसंगात वस्तू ‘दिलेली’ आहे की ‘न दिलेली’ हे कारणासह ठरवणं.
३. ‘समादियामि’ म्हणजे कोण काय करतं, हे सांगणं.

‘मुलं प्रामाणिक होतील’ असं उद्दिष्ट लिहू नका. ४५ मिनिटांत ते तपासणार कसं?

साहित्य: ८ प्रसंगपट्ट्यांचे ६ संच (एकूण ४८ पट्ट्या), २४ कोऱ्या चिठ्ठ्या, फळा, खडू.

सुरुवात (५ + ६ मिनिटं)

नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलाचं पेन न विचारता उचला, हजेरी भरा आणि पेन आपल्या पर्समध्ये किंवा खिशात टाका. पुढे काही बोलू नका. बहुतेक वेळा कुणीतरी कुजबुजतं, “ताई, ते माझं पेन...” कुणीच बोललं नाही तर विचारा, “मी आत्ता काय केलं?” मोठ्यांना कसं बोलायचं म्हणून मुलं गप्प बसतात, आणि ती गप्पही चर्चेला उपयोगी पडते. पेन लगेच परत द्या, माफी मागा. चूक शिक्षकाने केलेली असल्यामुळे कुठल्याच मुलाला मान खाली घालावी लागत नाही. टेबलावर खाऊ ठेवून कोण उचलतं हे बघायचा प्रयोग मात्र करू नका. सापडलेलं मूल पुढच्या रविवारी येत नाही.

शब्द उलगडणं (६ मिनिटं)

फळ्यावर लिहा: अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि.

पहिला शब्द तोडा: अ + दिन्न + आदान. ‘दिन्न’ म्हणजे दिलेलं, ‘आदान’ म्हणजे घेणं. ‘आदान-प्रदान’ मोठ्या मुलांनी ऐकलेलं असतं. म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं. यात ‘चोरी’ हा शब्दच नाही, हे मुलांनाच शोधू द्या. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणं, ‘सिक्खापदं’ म्हणजे शिकण्याचा नियम, ‘समादियामि’ म्हणजे मी स्वीकारतो किंवा स्वीकारते. इथे कुणी आज्ञा देत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही ‘मी चोरी करणार नाही’ असंच आहे. ‘करू नकोस’ असं नाही.

उच्चारात दोन चुका हमखास होतात: ‘दिन्न’मधलं जोडाक्षर गिळलं जातं आणि ‘सिक्खापदं’चं ‘शिक्षापदं’ होतं. दोन-दोन जणांकडून म्हणवून घ्या. सामूहिक आवाजात चूक लपते.

मुख्य कृती (२० मिनिटं)

चार-चार मुलांचे सहा गट. पट्ट्यांचे तीन ढीग करायचे: दिलेलं, न दिलेलं, ठरत नाही. प्रत्येकाने एक वाक्य बोलल्याशिवाय पट्टी खाली ठेवायची नाही.

१. आजीने हातावर ठेवलेला लाडू.
२. मित्राच्या दप्तरातून काढलेली कंपासपेटी.
३. ताईची सायकल, न विचारता, पाच मिनिटांसाठी.
४. शेजारच्या झाडाचा आपल्या अंगणात पडलेला पेरू.
५. दुकानदाराने चुकून जास्त परत दिलेले १० रुपये.
६. वाचनालयाचं पुस्तक, दोन महिने घरीच.
७. परीक्षेत मित्राने स्वतःहून दाखवलेलं उत्तर.
८. रस्त्यावर सापडलेली २० रुपयांची नोट.

सोप्या पट्ट्या दोनच आहेत, १ आणि २. सगळ्याच सोप्या दिल्या तर गट तीन मिनिटांत मोकळे होतात आणि गोंगाट सुरू होतो. खरा वाद ५ आणि ७ वर होतो. पाचमध्ये हाताने दिलं, मनाने दिलं का? सातमध्ये मित्राने दिलं खरं, पण ते द्यायचा हक्क त्याला होता का? १२ व्या मिनिटाला गट थांबवा आणि उरलेला वेळ या दोनच पट्ट्यांवर घालवा. उत्तर देण्याची घाई करू नका. ‘ठरत नाही’ ढीग जास्तच वाढला तर विचारा: “ज्याची वस्तू आहे तो इथे उभा असता तर?”

“तुमच्यापैकी कुणी कधी चोरी केलीय?” हा प्रश्न या तासात येता कामा नये. घरातल्या माणसांची उदाहरणंही मागू नका.

उजळणी (८ मिनिटं)

चिठ्ठीवर, नाव न लिहिता, तीन उत्तरं: ‘दिन्न’ म्हणजे काय, पट्टी ५ कुठल्या ढिगात आणि का, शील कोण स्वीकारतं. लिहायला पाच मिनिटं, उरलेल्या वेळात सगळ्यांनी एकदा सावकाश शील म्हणायचं.

चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचा. दुसऱ्या उत्तरात कारण नसलेल्या चिठ्ठ्या सहापेक्षा जास्त निघाल्या तर पुढच्या रविवारी ‘मुसावादा’ आधी दहा मिनिटं पट्टी ५ पुन्हा घ्या. तिसऱ्या प्रश्नाला ‘ताईंनी सांगितलं म्हणून’ असं उत्तर आलं तर शब्द उलगडताना घाई झाली, असं समजा.