बेदाणा शीतगृहाच्या भिंतीची दवबिंदू तपासणी: थर्मल ब्रिज आणि संघननाचा धोका

तासगाव तालुक्यातील या दुमजली शीतगृहाच्या पश्चिम भिंतीवर, बंद पॅसेजच्या बाजूने, स्लॅबच्या पातळीवर पावसाळाभर पाणी सुटते आणि त्याखाली काळी बुरशी धरते, अशी मालकांची तक्रार होती. गळती शोधण्यासाठी गच्चीचे वॉटरप्रूफिंग दोनदा झाले, पण ओल हटली नाही. १८ जुलै २०२४ रोजी केलेल्या पाहणीवर आणि गणितावर हा अहवाल आधारलेला आहे.

पॅसेजमधील हवा २६ अंश सेल्सिअस व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची होती, तर चेंबरमध्ये ४ अंश व ६० टक्के. त्यानुसार पॅसेजच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो बिंदू, २३.३ अंश येतो आणि बाष्पदाब सुमारे २,८५७ पास्कल. चेंबरमधला बाष्पदाब ४८८ पास्कल. म्हणजे येथे बाष्पाचा ओढा बाहेरून आत आहे. थंड प्रदेशातील घरांसाठी लिहिलेले नियम या भिंतीला उलटे करूनच लावावे लागतात.

भिंतीची रचना बाहेरून आत अशी आहे: २० मिमी प्लास्टर, २३० मिमी वीटकाम, १५ मिमी प्लास्टर, १०० मिमी थर्मोकोल आणि जाळीवरचे २० मिमी प्लास्टर. बाष्परोधक थर कुठेही आढळला नाही. पॅसेजमध्ये वारा नसल्याने बाहेरच्या पृष्ठभागाचा उष्णतारोधही ०.१३ धरला आहे. एकूण रोध ३.४० चौ.मी. केल्व्हिन प्रति वॅट भरतो, त्यातला २.७८ एकट्या थर्मोकोलचा. तापमानाची उतरण पाहिली तर बाहेरचा पृष्ठभाग २५.२ अंश, थर्मोकोलची बाहेरची बाजू २३.० अंश आणि आतली ५.० अंश येते.

यात २३.० हा आकडा लक्ष देण्याजोगा आहे, कारण तो दवबिंदूच्या खाली आहे. भेगेतून पॅसेजची हवा थर्मोकोलपर्यंत पोचली, तर तिथे पाणी धरेल. मात्र हवा न पोचता केवळ बाष्प झिरपत असेल, तर चित्र वेगळे आहे. प्रत्येक थरातला बाष्पदाब तेथील कमाल दाबाशी ताडणाऱ्या, आयएसओ १३७८८ मानकातील ग्लेझर पद्धतीने पाहता, वीट कोरडी असताना थर्मोकोलच्या बाहेरच्या बाजूचा बाष्पदाब सुमारे १,९०० पास्कल राहतो, तर तेथील संपृक्त दाब, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावणारा कमाल बाष्पदाब, २,८०९ आहे. थर्मोकोलच्या संपूर्ण जाडीतही संघनन होत नाही. सपाट भिंत, कागदावर तरी, निर्दोष ठरते.

दोष स्लॅबमध्ये आहे. १२५ मिमी जाडीचा आरसीसी स्लॅब थर्मोकोल तोडून थेट बाहेरच्या बीमला मिळतो. वरच्या आणि खालच्या चेंबरची थंडी तो दोन्ही अंगांनी ओढून बाहेर आणतो; रोधक थर तोडून जाणारा असा मार्ग म्हणजेच थर्मल ब्रिज. बीमच्या पृष्ठभागाचे तापमान २०.६ अंश मोजले गेले. पृष्ठभाग आणि चेंबर यांच्या तापमानातील फरकाला दोन्ही हवांमधील २२ अंशांच्या फरकाने भागल्यास ०.७५ हा गुणांक मिळतो. संघनन टाळायला तो किमान ०.८८ हवा. बुरशीसाठी पृष्ठभागावर ८० टक्के आर्द्रतेची जी मर्यादा सामान्यतः लावतात, ती येथे लावलेली नाही, कारण हवाच ८५ टक्क्यांची असताना तो निकष कुठलीच भिंत पुरा करू शकणार नाही.

बीमवर सुटलेले पाणी खालच्या वीटकामात मुरते. वीट भिजली की थर्मोकोलच्या सीमेवरचा दाब १,९०० वरून थेट संपृक्त पातळीवर जातो आणि गणित पालटते: थर्मोकोलच्या मध्यावर १,७५४ पास्कल दाब येतो, तर तेथील १४ अंशांना फक्त १,५९८ पास्कल सामावतात. म्हणजे बीमखालच्या पट्ट्यात थर्मोकोल आतून ओला होत आहे. तेथे काढलेल्या तुकड्याला हात लावताच ते जाणवले. ओल्या थर्मोकोलची रोधक्षमता घटते, त्यामुळे तो पट्टा वर्षागणिक अधिक थंड होत जाईल.

चेंबर रिकामे करून स्लॅबच्या वर-खाली ९०० मिमी रुंदीचा ५० मिमी रोधक पट्टा द्यावा, असा पर्याय मालकांना आधी सुचवण्यात आला होता. त्याने बीमचे तापमान सुमारे २१.३ अंशांपर्यंतच चढते, म्हणजे खर्च होऊनही दवबिंदू गाठता येत नाही. त्याऐवजी बीमवर बाहेरून ५० मिमी पीयूएफचा, म्हणजे पॉलीयुरेथेन फोमचा थर दिल्यास पृष्ठभाग २४.८ अंशांवर जातो. हा थर बीमखाली किमान ६०० मिमी वीटकामावर उतरवावा. मात्र या थरामागे बीम ७ अंशांच्या आसपास राहील, दवबिंदूपेक्षा सोळा अंश खाली. म्हणून पत्र्याचे आवरण, कडा आणि प्रत्येक सांधा बाष्पबंद असणे ही या उपायाची अट आहे. एक उघडा सांधा राहिला तर पाणी सुटतच राहील; ते दिसणार नाही, इतकेच.

काम एप्रिल-मे महिन्यांत, वीट पूर्ण वाळल्यावर करावे. बीमखालचा भिजलेला थर्मोकोल त्याआधी काढून बदलावा आणि नव्या थर्मोकोलच्या बाहेरच्या बाजूला बिटुमेनचा बाष्परोधक थर द्यावा. गच्चीवर तिसऱ्यांदा खर्च करू नये.