अंगठा

नेवार्कला विमान उतरलं तेव्हा बाहेर नुकतं उजाडलं होतं, सुमनबाईंच्या अंगात मात्र दिवस कलला होता. सोळा तास बसून पाय सुजलेले, चपलेचा पट्टा रुतत होता. रांग दोरीच्या वळणांनी फिरत पुढे सरकत होती आणि त्या मनातल्या मनात घोकत होत्या : विजिट. डॉटर. टू मंथ्स.

पुतण्याने बजावलं होतं, "काकू, बाळंतपणाचं नावबी काढू नका. फिरायला आले म्हणायचं. न्हाईतर म्हणतील, कामाला आलीया म्हातारी, आणि धाडतील माघारी."

पुतण्याने तर नायगाऱ्याचा फोटोही मोबाइलमध्ये टाकून दिला होता. विचारलं तर दाखवायला.

काउंटरवरचा अधिकारी तरुण होता. त्याने पासपोर्ट मशीनला लावला, समोरच्या काचेकडे बोट केलं. चार बोटं ठेव, अशी खूण. बाईंनी ठेवली. लाल दिवा. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. मग अंगठा. तोही उठेना. त्याने काहीतरी विचारलं, त्यातलं एकही अक्षर घोकलेल्यांपैकी नव्हतं. मागच्या माणसाने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

बाईंच्या पोटात गोळा आला. पण लाल दिवा त्यांना नवा नव्हता. मंगळवेढ्याला रेशन दुकानात दर महिन्याला हेच. ज्वारी कापत नाहीत तिकडे, मुळासकट उपटतात. हिवाळा संपला की तळहाताची सालं निघतात आणि बोटांवरच्या रेषा पुसून जातात. दुकानदार ओरडतो, बायका अंगठा डोक्याच्या तेलकट केसांवरून फिरवतात आणि पुन्हा टेकवतात. बाईंनी तेच केलं. पदराने काच पुसली, बोटं केसांतून फिरवली, दाबून धरली.

हिरवा.

अधिकाऱ्याने मान वर करून त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग फोन उचलला, बटण दाबलं आणि स्पीकरमधून एक बाई हिंदीत बोलू लागली. "माँजी, साहब पूछ रहे हैं, आप काम क्या करती हैं?"

"शेती. खेती. ज्वारी का." हिंदी सोलापूरची, पण निघाली.

"यहाँ किसलिए आई हैं?"

विजिट, घोकलेला शब्द ओठावर आला. समोरचा माणूस अजून त्यांच्या हातांकडेच बघत होता. या हातांची बाई सोळा तास उडून धबधबा बघायला आली, हे सांगायचं? आणि उद्या लेकीला फोन लावून त्याने विचारलं, तर तिने काय सांगायचं?

"लडकी का पयला बाळंतपण है," त्या म्हणाल्या. "ऑगस्ट में. मैं माँ है, आना पडता."

फोनमधली बाई इंग्रजीत बोलली. अधिकाऱ्याने लगेच पुढचा प्रश्न टाकला. "बच्चा सँभालने के पैसे मिलेंगे?"

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आवाज चढला, आणि चढला तो मराठीतच. "लेकीच्या बाळंतपणाचं पैसं कोण घेतंय का? मीच घेऊन आलीया तिला. डिंकाचं लाडू हायत, मेथीचं हायत. पीठ हाय." मग सावरून त्यांनी तेच हिंदीत सांगितलं, लाडवांसकट.

राहणार कुठे, घरी मागे कोण, जावई काय करतो. पत्त्याचा कागद होता. घरी मालक आणि दोन म्हशी. जावई कंप्यूटरमध्ये. हे भराभर झालं.

"वापस कब जाएँगी?"

परतीचं तिकीट पिशवीत वरच ठेवलं होतं. "पंचवीस सप्टेंबर. हस्तात पेरणी असते आमची. मालदांडी. त्याच्याआधी मला शेतावर पायजे." हस्त नक्षत्राचं फोनमधल्या बाईने काय भाषांतर केलं कोण जाणे, पण अधिकारी पहिल्यांदाच नीट हसला. तिकिटावरची तारीख त्याने बोटाने पुन्हा एकदा पाहिली, काहीतरी टाइप केलं आणि पासपोर्ट काचेखालून सरकवला.

"साहब कहते हैं, जनवरी तक रह सकती हैं. छह महीने. और खाने की चीज़ें आगे कस्टमवालों को ज़रूर बता देना."

"जनवरी न्हाई, सप्टेंबर!" बाईंनी पासपोर्ट घेतलाच नाही. "साहेबांना सांगा, सप्टेंबर. जनवरीपर्यंत ज्वारी हुरड्याला येती, तवर मी हितं काय करू?"

"माँजी, ये सिर्फ मुद्दत है. आप पहले जा सकती हैं."

"मग ठीक हाय." त्यांनी पासपोर्ट घेतला, पिशवीत तिकिटाशेजारी नीट ठेवला आणि अधिकाऱ्याने दाखवलेल्या दिशेला, लाडवांची बॅग शोधायला, चालू लागल्या.