गृहकर्जावर जादा आकारलेले व्याज परत मिळण्याबाबत

दि. 6 ऑक्टोबर 2025

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
कर्ज विभाग, सातारा शाखा

विषय : गृहकर्ज खात्यावर (अखेरचे अंक 4471) चुकीच्या दराने लावलेले व्याज

महोदय,

मंजुरीपत्रानुसार माझ्या कर्जाचा दर रेपो अधिक 2.75 टक्के असून दर तिमाहीच्या 1 तारखेला बदलतो. रिझर्व्ह बँकेने 6 जूनला रेपो 5.50 टक्क्यांवर आणला. म्हणजे 1 जुलैपासून 8.25 टक्के दर लागायला हवा होता, पण खात्यावर अजून जुनाच 8.75 टक्के चालू आहे. जुलैच्या उताऱ्यात 18,00,000 रुपये शिल्लकीवर 13,125 रुपये व्याज दिसते; ते 12,375 हवे होते. सप्टेंबरअखेर हा फरक सुमारे 2,244 रुपये होतो. हप्ता तोच असल्याने तेवढी मुद्दल कमी फिटली, हे मला जास्त खटकते.

तरी दर 1 जुलैपासून दुरुस्त करून फरक त्या-त्या तारखेपासून मुद्दलीत जमा करावा आणि परतफेडीचे सुधारित वेळापत्रक द्यावे. काउंटरवर ‘सिस्टीम आपोआप बदलते’ एवढेच सांगितले गेले; मला लेखी उत्तर हवे आहे. 30 दिवसांत ते न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करेन.

आपली विश्वासू,
सुनंदा पाटील

सोबत : मंजुरीपत्र व जुलै ते सप्टेंबरचा खातेउतारा